बाजूला कात्री, माथ्याला मुभा

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये ३१ मे हा निरोप समारंभांचा दिवस असतो. एकेकाळी जन्मतारखेचा पत्ता नसलेल्या मुलाचं नाव शाळेत घालताना गुरुजी सरसकट १ जून लिहीत. महिन्याच्या पहिल्या तारखेचा जन्म असलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सेवानिवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे अनेकांचा कार्यालयातला शेवटचा दिवस आणि शाल-श्रीफळ ३१ मेलाच येतं. अशाच एका गृहस्थांना आपण या प्रकरणापुरतं सलूनच्या खुर्चीत बसवू. वय ५८, जलसंपदा खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त, डोळ्यांवर चष्मा, वर्ण गव्हाळ. डावीकडून काढलेला भांग तीसेक वर्षं जागचा हललेला नाही. कानांवरचे केस पांढरे शुभ्र आणि दाट, माथ्यावरचे चंदेरी आणि विरळ. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेले, आणि मागे भोवऱ्यापाशी बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेत त्वचा दिसते.

कारागीर विचारतो, "काका, मिडियम की बारीक?"

या प्रश्नातच अर्धी गफलत आहे. मिडियम म्हटलं तर सगळीकडून थोडं थोडं कापलं जातं, बारीक म्हटलं तर सगळीकडून बरंच. दोन्ही वेळा बाजू आणि माथा यांच्यातलं प्रमाण बदलत नाही. विरळ केसांच्या माणसाला मात्र बदलायचं असतं ते नेमकं हे प्रमाणच. माथ्यावरचा केस दाट दिसतो की विरळ, हे त्याच्या शेजारी काय आहे यावर बरंचसं ठरतं. कानांवर दाट पांढऱ्या केसांचा फुगवटा असेल, तर त्याच्या तुलनेत वरचा विरळपणा उठून दिसतो. फुगवटा उतरवला की वरचे तेवढेच केस भरीव वाटू लागतात. त्यामुळे असा कट माथ्यावर नव्हे, बाजूंवर ठरतो.

हे असं का होतं ते समजून घ्यायला केसाच्या मुळाशी जायला हवं. पुरुषाच्या माथ्यावरच्या केसांची मुळं टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाला संवेदनशील असतात. आनुवंशिकतेने ही संवेदनशीलता ज्यांच्या वाट्याला जास्त येते, त्यांच्या माथ्यावरच्या केसाची वाढीची मुदत दर फेरीला कमी होत जाते. एरवी एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग विसावतो, गळतो आणि त्याच मुळातून नवा उगवतो. मुदत आखडली की नवा केस आधीच्यापेक्षा आखूड आणि बारीक येतो. म्हणजे टक्कल पडणं हे निव्वळ केस गळणं नसतं, केस रोडावणं असतं. कानांच्या वरच्या आणि मानेकडच्या पट्ट्यातली मुळं या संप्रेरकाला फारशी दाद देत नाहीत, म्हणून तिथले केस ऐंशीतही टिकतात. अमेरिकी डॉक्टर ओ'टार नॉरवुड यांनी १९७५ मध्ये या उतरणीची सात टप्प्यांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ आजही ती वापरतात. आपले अभियंता तिच्यावर तिसऱ्या टप्प्यात बसतात, भोवरा उघडा पडलेल्या उपप्रकारात.

रोडावलेल्या केसाचं यांत्रिक गणित अभियंत्यांना लगेच पटेल. एखाद्या गोल कांबीचा व्यास निम्मा केला, तर तिचं वजन चौथाईवर येतं, पण वाकण्याला होणारा विरोध मात्र सोळाव्या हिश्शावर. केसालाही हाच हिशोब लागू आहे. बारीक झालेला केस लांब ठेवला की स्वतःचं वजनही त्याला पेलत नाही. तो डोक्याला चिकटून आडवा पडतो, शेजारच्या केसांशी त्याच्या बटा बनतात आणि बटांच्या मधून त्वचा दिसते. तोच केस तीन-साडेतीन सेंटिमीटरवर आणला, तर मुळाशी थोडा उभा राहतो. उभ्या केसांखाली हवा आणि सावली राहते, आणि डोळ्याला भरीवपणा भासतो. "आहेत ते तरी लांब राहू द्या" हे वाक्य सलूनमध्ये नेहमी ऐकू येतं. त्यामागची काळजी समजते, पण वरच्या हिशोबात ते बसत नाही.

या समजुतीचं टोक पाहायचं असेल तर अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात जावं. फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या फ्रँक आणि डोनल्ड स्मिथ यांनी १९७७ मध्ये टक्कल झाकण्याच्या पद्धतीचं चक्क पेटंट मिळवलं. डोक्यावरचे उरलेले केस लांब वाढवायचे, त्यांचे तीन भाग करायचे आणि ते तीन बाजूंनी एकावर एक आणून टकलावर बसवायचे. २००४ मध्ये या पेटंटला इग नोबेल हा गमतीचा पुरस्कार मिळाला, तोही अभियांत्रिकीच्या विभागात. भांग दर दोन-तीन वर्षांनी कानाकडे एक बोट खाली सरकवत जाणारे आपल्याकडचे असंख्य लोक हीच पद्धत पेटंटविना वापरतात. वारा सुटेपर्यंत ती चालते.

आता रंगाकडे वळू, कारण विरळ केस चंदेरी असले की आपल्याकडे एक वेगळीच अडचण येते. केसात चंदेरी रंगद्रव्य नसतं. मुळातल्या रंगपेशी थकल्या की केस रंगाविना उगवतो, आणि अशा बिनरंगी केसांमध्ये काही काळे केस मिसळलेले असले की एकत्र परिणाम चंदेरी दिसतो. गोऱ्या युरोपीय माणसाची डोक्याची त्वचाही फिकी असते, म्हणून केस पांढरे झाल्यावर त्याचा विरळपणा उलट लपतो. आपल्याकडे नेमकं याच्या विरुद्ध घडतं. काळे केस आणि सावळी त्वचा एकमेकांना सांभाळून घेतात. केस पांढरे झाले की मागची त्वचा गडद पट्ट्यांसारखी डोकावते. एकही केस न गळता माणूस सहा महिन्यांत विरळ झाल्यासारखा दिसू शकतो. इंग्रजी मासिकांतले चंदेरी केसांचे फोटो कारागिराला दाखवून उपयोग होत नाही, त्याचं एक कारण हे.

दुसरी अडचण तेलाची. केस पांढरा दिसतो तो त्याच्या पृष्ठभागावर आणि आत प्रकाश विखुरतो म्हणून. तेल लावलं की पृष्ठभागावरचं हे विखुरणं कमी होतं आणि केस पारदर्शकतेकडे झुकतो. भजी बांधलेल्या कागदावर तेलाचा डाग पडला की पलीकडचं दिसू लागतं, तसंच इथे होतं. त्यात तेलाने केसांच्या बटा बनतात, त्या वेगळ्या. म्हणून खोबरेल तेल चापून घराबाहेर पडणाऱ्या चंदेरी केसांच्या माणसाची त्वचा अधिकच उठून दिसते. तीस वर्षांची सवय सोडा असं मी सांगणार नाही. तेल रात्री लावावं आणि सकाळी सौम्य शाम्पूने धुऊन टाकावं. कटिंगला जाताना मात्र डोकं धुतलेलं आणि नीट वाळलेलं असावं. ओल्या किंवा तेलकट केसांवरून कारागिराला खरी दाटी कळत नाही.

आता कटाकडे. सुरुवात कात्रीने नव्हे, नजरेने होते. केस कोरडे असताना चांगला कारागीर भोवरा शोधतो, केस कुठल्या दिशेने वळतात ते बघतो आणि वरून दिसणारी त्वचा किती आहे याचा अंदाज घेतो. गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोक्याचा वरचा भाग कधीच दिसत नाही. घरातल्या कोणाला मोबाइलवर खिडकीच्या उजेडात वरून एक फोटो काढायला सांगावा. सलूनमध्ये डोक्यावर थेट ट्यूबलाइट किंवा स्पॉटलाइट असेल तर विरळपणा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, आणि तिथे घाबरून घेतलेला 'सगळं काढून टाक' हा निर्णय पुढचे दोन महिने पस्तावायला लावतो.

मशीनच्या कंगव्यांचे नंबर माहीत असले तर बोलणं सोपं जातं. एक नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे साधारण १०, चार म्हणजे १३. आपल्या अभियंत्यांच्या बाजूंना कारागिराने आधी चार नंबर लावावा, पण तो कुठवर? कंगवा कानावरून डोक्याला सपाट टेकवून वर सरकवत न्यावा. जिथे डोकं आत वळतं आणि कंगव्याचं वरचं टोक हवेत सुटतं, तिथे मशीन थांबवावं. दाट केसांचा पट्टा साधारण इथेच संपतो आणि विरळ माथा सुरू होतो. मशीन याच्या वर गेलं तर माथ्याच्या काठाचे केस कापले जातात, आणि तेच केस झाकण्याच्या कामाचे असतात. कटातली सगळ्यात जास्त आढळणारी आणि सगळ्यात उशिरा भरून येणारी चूक हीच.

मग खालच्या अर्ध्या भागात तीन नंबर आणि कानाभोवती, मानेवर बोटभर रुंदीत फक्त दोन नंबर. याच्या खाली जाऊ नये. तरुण पोरांमध्ये बाजू थेट त्वचेपर्यंत उतरवण्याचा फेड चालतो. काळ्या केसांवर तो रेखीव दिसतो, कारण मिलिमीटरभर काळा खुंटही डोळ्याला जाणवतो. पांढरा खुंट तेवढ्या लांबीला दिसतच नाही. त्यामुळे बाजूंना टक्कल पडल्यासारखं वाटतं आणि वरचे चंदेरी केस अधांतरी राहतात. निवृत्त माणसाने फेड का करू नये, याचं वयाशी काही देणंघेणं नाही. कारण निव्वळ प्रकाशाचं आहे.

बाजू आणि माथा जिथे मिळतात तिथलं काम मशीनचं नाही. इथे कंगव्यावर केस उचलून कात्रीने कापायचे असतात, एकदा सरळ आणि एकदा तिरपे, म्हणजे १३ मिलिमीटरपासून ३५ पर्यंतचा चढ डोळ्याला कळणार नाही. हा चढ नीट झाला नाही तर कानांच्या वर पायरी दिसते. ती ओळखायला आरशात समोरून बघून उपयोग नाही. मान वळवून, दुसरा आरसा धरून बाजूने बघावं. कानाच्या वर आडवी सावली दिसली, की पायरी राहिली. विरळ करण्याची दातेरी कात्री वापरायची झाली तर फक्त कानांच्या मागच्या दाट जागेत. माथ्यावर ती उचललेली दिसली तर हात धरावा. तिथे आधीच विरळ आहे, आणखी कशाला विरळ करायचं?

माथ्यावर पुढे साधारण साडेतीन सेंटिमीटर आणि मागे भोवऱ्याकडे अडीच ते तीन. केस बोटांमध्ये धरताना ताणायचे नाहीत, कारण ताणून कापलेला केस सोडल्यावर अंदाजापेक्षा आखूड होतो आणि भोवऱ्यापाशी उभा राहून त्वचा उघडी पाडतो. टोकं सरळ कापलेली बरी. सरळ टोकांचा काठ जाड दिसतो, कातरत नेलेला काठ विरत जातो. अपवाद फक्त कपाळावरच्या ओळीचा. ती एका रेषेत कापली तर कोपऱ्यांचा रिकामेपणा अधोरेखित होतो, म्हणून तिथे कात्रीच्या टोकाने जराशी मोडलेली, अनियमित ओळ ठेवावी. भांग कंगव्याच्या दाताने रेखून काढू नये. तीस वर्षं एकाच जागी फाटलेली ती रेघ रुंद झालेली असते. केस बोटांनी मागून पुढे आणि किंचित बाजूला वळवले की भांगाची जागा राहते, पण रेघ राहत नाही.

आपल्या अभियंत्यांना हे जड जाईल. भांग नसलेलं डोकं म्हणजे विंचरायचं राहून गेलेलं डोकं, असं ज्यांच्या शाळेत शिकवलं गेलं त्या पिढीचे ते आहेत. कारागिराने पहिल्या वेळी त्यांना हलका भांग ठेवून द्यावा, हे माझं मत. ताजेपणा आणायचा म्हणून माणसाला स्वतःच्याच चेहऱ्यात अनोळखी करून टाकू नये.

कानांशी आणि मानेशी आता फार वेळ जाऊ नये, पण तिथेही दोन-तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. कल्ले कानाच्या मध्यापर्यंत आणि खालून सरळ, टोकदार नकोत. ते तपासताना चष्मा लावूनच तपासावेत, कारण चष्म्याची काडी केस दाबते आणि तिच्या वर-खाली ते फुगतात. हा फुगवटा चष्मा काढून बसलेल्या गिऱ्हाइकावर कारागिराला दिसत नाही. मानेवर वस्तऱ्याने चौकोनी रेघ आखण्याऐवजी केस खाली उतरते ठेवावेत. केस दिवसाला सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढतात, म्हणजे आठवड्यात आखलेल्या रेघेखाली दोन-अडीच मिलिमीटरची लव येते आणि रेघ मळकट वाटते. उतरत्या मानेवर तीच वाढ खपून जाते. रेघेखालची लव काढायला वस्तरा लागलाच, तर कारागीर नवं ब्लेड मोडून त्याचा अर्धा भाग आपल्यासमोर वस्तऱ्यात बसवतो की नाही हे बघावं. जुन्या ब्लेडने कावीळ ब आणि क पसरू शकते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ते आधीच सांगावं, कारण अशा माणसाला तुरटी फिरवूनही रक्त लवकर थांबत नाही.

गंमत अशी, की माथ्यावरचे केस रोडावणारे हे पुरुषी संप्रेरक भुवयांचे, नाकातले आणि कानांवरचे केस मात्र जाड आणि लांब करतं. पन्नाशीनंतर कानांच्या पाळीवर उगवणारे ताठ पांढरे केस कट कितीही चांगला झाला तरी चेहऱ्याला विस्कटलेपण देतात. ते ट्रिमरने काढावेत, चिमट्याने उपटू नयेत. नाकातले तर कधीच उपटू नयेत, गोल टोकाच्या छोट्या कात्रीने कापावेत. भुवयांवर कंगवा धरून बाहेर आलेले तेवढेच केस कापायचे, वस्तरा लावायचा नाही. मिशी असेल तर तिला बाजूंच्या केसांचाच न्याय लावावा, म्हणजे ओठांच्या रेषेवर आखूड. डोकं चंदेरी आणि मिशी डायने काळीभोर, ही जोडी मला कधीच पटलेली नाही.

शेवटी बरेच कारागीर चंपी करतात आणि मान एकीकडून दुसरीकडे झटकन मोडतात. चंपी घ्यावी, मान मोडू देऊ नये. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधून जातात. झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. "मानेला हात नको रे" एवढं आधीच म्हटलं की काम होतं.

कट झाला, पण तो टिकतो किती? इथे पुन्हा प्रमाण मदतीला येतं. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. बाजूंचे १० मिलिमीटर महिन्यात २० होतात, म्हणजे दुप्पट. वरचे ३५ फार तर ४५ होतात, आणि रोडावलेला केस मुळातच सावकाश वाढत असल्याने बहुधा तेवढेही नाहीत. म्हणजे पहिल्या दिवशी वरचा केस बाजूच्या साडेतीनपट असतो आणि महिन्याअखेर दुपटीहून थोडासाच जास्त. कट जुना वाटू लागतो तो माथा वाढल्यामुळे नाही, बाजू वाढल्यामुळे. म्हणून तीन आठवड्यांनी जाऊन फक्त बाजू आणि मान करून घ्यावी, वरच्या केसांना त्या वेळी हात लावू देऊ नये. वरचे दर दुसऱ्या खेपेला कापले की पुरे. निवृत्त माणसाला एक सोयही असते. रविवारची गर्दी टाळून बुधवारी सकाळी अकराला जाता येतं, तेव्हा कारागिराकडे वेळ असतो. कंगव्यावरचं कात्रीकाम घाईत होत नाही. सोमवारी मात्र अनेक गावांत सलून बंद असतात.

रोजची निगा फार नाही. डोकं धुतल्यावर टॉवेलने रगडू नये, टिपावं. पंख्याखाली वाळवताना बोटांनी मुळं उचलत राहावीत. जेल टाळावं, ते तेलासारखंच बटा बनवतं. पांढरा केस पिवळट पडत असेल तर कारण बहुतेक वेळा बाहेरचं असतं. ऊन, सिगारेटचा धूर, बोअरचं क्षारयुक्त पाणी, मोहरीसारखं पिवळं तेल. जांभळ्या छटेचा शाम्पू मिळतो, तो आठ-दहा दिवसांतून एकदा दोन-तीन मिनिटं लावला की जांभळा रंग पिवळ्याला मारतो. जास्त वेळ ठेवला तर डोक्यावर फिकट जांभळी छटा चढते, आणि ती पांढऱ्या केसांवर लगेच दिसते.

आता त्या गृहस्थांचं, ज्यांनी निरोप समारंभापर्यंत डाय लावला आणि १ जूनला बाटली फेकून दिली. त्यांना दोन रंगांचा प्रश्न पडतो. जूनअखेर मुळाशी सेंटिमीटरभर पांढरं येतं. बाजू तीन नंबरने कापल्या तर त्या लगेच पूर्ण पांढऱ्या होतात, पण वरच्या साडेतीन सेंटिमीटर केसांतून काळा रंग जायला सप्टेंबर उजाडतो. तोवर खाली पांढरं आणि वर काळं, म्हणजे सरळ टोपच. त्यापेक्षा सहा आठवडे थांबावं. जुलैच्या मध्यापर्यंत सुमारे १५ मिलिमीटर पांढरं वाढलेलं असतं. तेव्हा वर चार नंबर आणि बाजूंना तीन असा एक सरसकट आखूड कट घेतला, की काळी टोकं एकदम निघून जातात. मग वरचे तेवढे वाढू द्यायचे. गणेशोत्सवापर्यंत माथा बेताच्या लांबीवर येतो. मेंदी लावणाऱ्यांनाही हाच मार्ग, कारण पांढऱ्या केसावर चढलेला मेंदीचा नारिंगी रंग धुऊन जात नाही, तो कापूनच जातो. या सहा आठवड्यांत केस अचानक विरळ वाटले तरी दचकू नये, त्वचेचा रंग डोकावण्याचा तो खेळ आहे.

पश्चिम महाराष्ट्रात पांढरी टोपी घालणाऱ्यांचा विचार थोडा वेगळा. टोपीखालचा माथा दिसत नाही, दिसतात त्या फक्त बाजू आणि मान. टोपीच्या काठाखाली केसांचा फुगवटा राहिला तर टोपी तरंगते. त्यांनी बाजूंना सरळ दोन नंबर घ्यावा. माथ्यावर अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवू नये, नाहीतर देवळात टोपी काढली की दबलेले केस आणि त्यांच्यावर उमटलेला काठ लोकांना दिसतो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. भोवऱ्याची उघडी जागा आणि कपाळाचे मागे सरकलेले कोपरे जोवर वेगळे आहेत, मध्ये केसांचा पूल शिल्लक आहे, तोवर वर सांगितलेला कट चालतो. तो पूल तुटला, माथ्यावर मोजके विखुरलेले केस उरले आणि कानांभोवती फक्त नाल राहिली, की प्रमाणाचा खेळ संपतो. कारण वर दाखवायला काही नसतं. तेव्हा सगळीकडे एकच नंबर, एक किंवा दोन, दर दहा-बारा दिवसांनी. तो घरच्या मशीनने स्वतःलाही करता येतो. त्या लांबीला दाट पट्टा आणि विरळ माथा यांच्यातला फरक सगळ्यात कमी दिसतो, आणि नीट राखलेल्या पांढऱ्या दाढीबरोबर ते डोकं रुबाबदार वाटतं. मात्र आता माथ्याला उन्हापासून केसांचं आवरण राहत नाही, तेव्हा सकाळी नऊनंतर फिरायला जाताना टोपी हवी.

आणि काही वेळा खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरकडे जायला हवं. वर्षानुवर्षं सावकाश होणारी विरळता ही वयाची आणि घराण्याची. पण महिन्याभरात डोक्यावर नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडली, किंवा मोठ्या तापानंतर, शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीने केस जाऊ लागले, किंवा त्वचेवर खपली धरून न भरणारी जखम दिसली, तर ते कात्रीचं काम नाही. अशी खूण बहुधा मागच्या बाजूला असते आणि ती पहिल्यांदा कारागिरालाच दिसते. त्याने "काका, इथं मागं काहीतरी आहे" म्हटलं, तर मोबाइल देऊन त्याच्याकडूनच तिथला फोटो काढून घ्यावा.